पोट आधी की मन? तारखा काय सांगतात

प्रश्न : आईला (वय ५७) चार महिने झाले, पोट साफ होत नाही. रोज रात्री चूर्ण घेते. जेवण अगदी कमी झालंय, दिवसभर पडून असते. डॉक्टरांनी डिप्रेशन आहे म्हणून गोळी सुरू केली. आई म्हणते, त्या गोळीनंच पोट जास्त घट्ट झालं, आणि पोट नीट झालं की मन आपोआप ठीक होईल. गोळी बंद करू का? (सांगली)

उत्तर : गोळी तुमच्या तुम्ही बंद करू नका. पण आईची तक्रार खोटी आहे असंही धरू नका. काय आधी सुरू झालं आणि काय नंतर, हे तारखांनी लावून पाहिलं की बराच गुंता सुटतो. तो कसा सोडवायचा, हे एका अनुभवातून सांगते.

तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, वय ६१. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना अण्णा म्हणू. मुलगा त्यांना घेऊन आला, सोबत काकू होत्या. अण्णांनी बसल्या बसल्या सांगितलं, "मला डोक्याचं काही नाही मॅडम. चार दिवस पोट मोकळं झालं की मी परत बागेत उभा राहतोय बघा."

मी वाद घातला नाही. कागदावर पाच ओळी आखल्या : झोप आणि मन, जेवण, हालचाल, गोळ्या, शौच. तारखा कुणालाच आठवत नसतात, पण सण आणि शेतीची कामं आठवतात. दिवाळी झाल्यावर फुलोऱ्यातल्या बागेवर अवकाळी पाऊस पडला, घड कुजले. तेव्हापासून अण्णांना पहाटे तीनला जाग यायची ती पुन्हा डोळा लागायचा नाही. पंधरा दिवसांत त्यांनी बागेत जाणं सोडलं. काकू म्हणाल्या, "दोन भाकरी खाणारा माणूस अर्धीवर आला. ती पण दुधात कुस्करून, मी समोर बसले तर." पोटाची तक्रार त्यानंतर महिन्याभरानं सुरू झाली आणि झोपेची गोळी संक्रांतीला.

म्हणजे मन आधी ढासळलं, मग जेवण आणि हालचाल गेली, मग पोट, आणि गोळ्या सगळ्यात शेवटी.

असं का होतं ते समजून घ्या. आतड्यांना स्वतःच्या मज्जातंतूंचं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत जोडलेलं असतं. नैराश्यात माणसाचं चालणं-बोलणं संथ होतं, तशी काहींची आतडीही संथ होतात. त्यात अर्धी भाकरी खाल्ली तर मळ मुळातच थोडा बनतो. थोडा मळ मोठ्या आतड्यात रेंगाळतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो खडा होतो. शिवाय सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर मोठं आतडं जोरानं ढकलायला लागतं. शौचाची खरी वेळ तीच. अण्णा नऊ वाजेपर्यंत पांघरुणात असायचे, नुसता चहा घ्यायचे आणि दुपारी बाराला जेवायला बसायचे. ती सकाळची वेळ रोज वाया जात होती.

मग मी मुलाला म्हटलं, घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, चूर्णं पिशवीत घालून आणा. पिशवी टेबलावर ओतली तेव्हा चित्र स्पष्ट झालं. झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅम. पडून पडून कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली ट्रॅमाडॉलची गोळी. अशक्तपणा आला म्हणून लोहाच्या गोळ्या. ही तिन्ही औषधं बद्धकोष्ठ करू शकतात. ब्लडप्रेशरची गोळीही होती, पण ती कित्येक वर्षं चालू होती आणि तेव्हा पोटाला त्रास नव्हता, म्हणून ती बाजूला ठेवली. झोप, कंबर, अशक्तपणा ही तिन्ही दुखणी एकाच नैराश्याची होती. प्रत्येकासाठी वेगळी गोळी आली आणि प्रत्येक गोळीनं पोट थोडं थोडं आवळलं. अमिट्रिप्टिलिननं तोंडही कोरडं पडतं. "भाकरी घशाखाली उतरत नाही," असं अण्णा म्हणायचे. घरच्यांना वाटायचं मन नाही म्हणून खात नाहीत. पण कोरड्या तोंडानं भाकरी चावून बघा, म्हणजे कळेल. औषधानं भूक नसलेल्या माणसाचं खाणं आणखी कमी केलं होतं.

आता चूर्णाबद्दल, कारण तुमच्याही घरी ते आहे. अण्णा रात्री सोनामुखीचं चूर्ण घ्यायचे. एका चमच्यावरून तीन चमच्यांवर गेले होते. तीन चमच्यांनी पोटात मुरडा येऊन पाच-सहा वेळा पळावं लागायचं आणि मोठं आतडं पार रिकामं व्हायचं. रिकामं आतडं पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात, अर्धी भाकरी खाणाऱ्याला त्याहून जास्त. तेवढे दिवस शौचाला न होणं साहजिकच आहे. पण अण्णा दुसऱ्याच दिवशी घाबरायचे, "परत बंद पडलं" म्हणून पुन्हा चूर्ण घ्यायचे. त्यांचा निम्मा दिवस पोटाच्या विचारात जायचा. रोज झालंच पाहिजे असा शरीराचा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, मऊ आणि कुंथावं न लागता होत असेल, तर ते ठीक मानतात. एवढी एक गोष्ट नीट समजली तेव्हा त्यांची धास्ती बरीच उतरली.

इसबगोलही झालं होतं. मुलगा ते अर्ध्या कप पाण्यातून द्यायचा. इसबगोल पाणी धरून फुगतं. मोठा पेला भरून पाणी नसेल तर पोट फुगतं, क्वचित आतच अडकतं. जो जेवतच नाही आणि पाणीही पीत नाही, त्याला आधी नुसता कोंडा वाढवून देऊ नये.

पण मी लगेच समुपदेशन सुरू केलं नाही. वय पन्नाशीच्या पुढे, शौचाच्या सवयीत नवा बदल आणि सहा किलो वजन घटलेलं. वजन नैराश्यानंही घटतं, आतड्याच्या कॅन्सरनंही. समोर बसून हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी मिरजेला फिजिशियनकडे पाठवलं. रक्त, थायरॉइड, साखर, कॅल्शियम, आणि कोलोनोस्कोपी म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी. सगळं ठीक निघालं. थायरॉइड मंद असेल तर मन आणि पोट दोन्ही मंदावतात, म्हणून ती तपासणी तुमच्या आईचीही झाली आहे का ते बघा.

पहिल्या भेटीतच मी अण्णांना सरळ विचारलं होतं, "जगणं नकोसं वाटतं का?" ते म्हणाले, "सकाळी जागच येऊ नये असं वाटतं." बागायतदाराच्या घरात फवारणीची औषधं असतात. त्या खोलीला कुलूप लावून किल्ली मुलानं स्वतःजवळ ठेवायची, हे त्याच दिवशी ठरवलं. तुमच्या आईलाही हा प्रश्न शांतपणे विचारा. विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत. उत्तर होकारार्थी आलं तर त्यांना एकट्या ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

औषधं बदलणं माझं काम नाही. पाच ओळींचा कागद आणि पिशवीतली यादी मी मानसोपचारतज्ज्ञांना पाठवली. त्यांनी अमिट्रिप्टिलिन हळूहळू कमी करून बंद केलं आणि रात्री मिर्टाझापिन सुरू केलं. त्यानं झोप येते आणि भूक वाढते. बद्धकोष्ठ त्यानंही होऊ शकतं, पण अण्णांची अडचण भूक आणि झोप हीच होती. दुसऱ्या कुणाला सर्ट्रालिन बरं पडतं, त्यात मळ सैल होण्याकडे कल असतो. ट्रॅमाडॉलच्या जागी पॅरासिटामॉल आलं. हिमोग्लोबिन चांगलं होतं म्हणून लोह बंद झालं. चूर्णाऐवजी काही आठवडे रोज लॅक्टुलोजचं सिरप दिलं. ते मळात पाणी धरून ठेवतं, एका रात्रीत आतडं धुऊन काढत नाही. दोन दिवस लागतात हे आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर माणूस पहिल्याच रात्री पुन्हा चूर्णाकडे वळतो.

माझ्याकडे राहिली सकाळ. सातला उठायचं, गरम चहाबरोबर दुधात भिजवलेली अर्धी भाकरी खायची. मग अर्ध्या तासाच्या आत संडासात बसायचं, दहा मिनिटं, कुंथायचं नाही, झालं नाही तर उठून यायचं. गुडघ्यांमुळे ते कमोडवर बसायचे, म्हणून पायाखाली पाट ठेवायला सांगितला. गुडघे कमरेच्या वर आले की वाट सरळ होते. त्यानंतर चालणं. बागेकडे जायला ते तयार नव्हते, मीही जबरदस्ती केली नाही. दुधाची किटली डेअरीवर पोचवायचं काम मुलाकडून त्यांच्याकडे दिलं. जाऊन-येऊन वीसेक मिनिटं. "फिरायला जा" म्हटलं की उदास माणूस जात नाही. किटली मात्र कुणीतरी न्यायलाच लागते.

पहिल्या दोन आठवड्यांत झोप आणि भूक सुधारली, तोंडाचा कोरडेपणा गेला. भाकरी दीडवर आल्यावर एक दिवसाआड शौच आपसूक व्हायला लागलं. मन मोकळं व्हायला दीड महिना गेला. मधे एकदा पाहुण्यांच्या लग्नात जागरण झालं, चार दिवस पोट अडलं आणि अण्णांनी गुपचूप चूर्ण घेतलं. काकूंनी ते सांगितलं. आम्ही रागावलो नाही, पुन्हा सातच्या चहापासून सुरुवात केली.

तुमच्या आईबाबत आता करायचं ते असं. पाच ओळींचा कागद आजच लिहा. गोळी सुरू होण्याआधी पोट कसं होतं हे त्यात नक्की येऊ द्या. गोळीनंतर त्रास वाढला असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, बदल करता येतो. गोळी एकदम तोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते आणि आजारही उलटतो. बहुतेक गोळ्यांना मनावर परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात. पोटाचे दुष्परिणाम मात्र त्याआधीच जाणवतात, म्हणून गोळी फक्त त्रासच देते असं सुरुवातीला वाटतं.

पोट फुगून उलट्या होत असतील, वारा सरत नसेल, शौचातून रक्त जात असेल तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. बरेच दिवस शौच न होता अचानक पातळ गळायला लागलं, कपडे खराब झाले, तर ते जुलाब समजून थांबवायचं औषध देऊ नका. आत खडा अडकून बाजूनं पातळ झिरपत असू शकतं. आणि आई "माझी आतडी सडली आहेत", "आत काही उरलंच नाही" असं खात्रीनं बोलायला लागल्या, तर ते नुसतं वैतागून बोलणं समजू नका. नैराश्य तीव्र झाल्याची ती खूण असते, तेव्हा त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.