‘त्याच्या दुःखसहनाखातर’ की ‘तुझ्या’?

प्रश्न : “आमच्याकडे दैवी दयेच्या माळेत ‘त्याच्या दुःखसहनाखातर’ म्हणतात, पण शेजारच्या घरी ‘तुझ्या दुःखसहनाखातर’ असे ऐकले. बरोबर कोणते? आणि दुपारचे तीन टळून गेले तर ही माळ म्हणू नये का?”

‘त्याच्या’ हेच बरोबर आहे. कारण समजण्यासाठी ही प्रार्थना कोणाला उद्देशून म्हटली जाते ते पाहावे लागते. माळ हातातली नेहमीचीच असल्यामुळे नेमके तेच नजरेआड होते.

संत फाऊस्टिना कोवाल्स्का यांनी १९३५ सालच्या सप्टेंबरमध्ये, तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या विल्नो शहरात (आजचे लिथुआनियातील व्हिल्नियस), आपल्याला मिळालेली ही प्रार्थना रोजनिशीत नोंदवली. ती रोझरीच्याच मण्यांवर म्हणावी, असे तिथे स्पष्ट म्हटलेले आहे. त्यामुळे वेगळी माळ विकत घ्यावी लागत नाही. आरंभी एकदा ‘आमच्या स्वर्गातील बापा’, एकदा ‘नमो मरिया’ आणि एकदा प्रेषितांचा श्रद्धांगीकार म्हणतात. पदकाच्या खाली लोंबणाऱ्या भागात तीन लहान मणी असतात, त्यांवर या तीन प्रार्थना सोयीने बसतात. त्याआधी येशूने क्रुसावर प्राण सोडल्याचे स्मरण करणारी एक छोटी प्रार्थना बरेच जण म्हणतात. ती ऐच्छिक आहे आणि ती मात्र थेट येशूला उद्देशून आहे. ‘तू’चा गोंधळ बहुधा इथूनच पुढे सरकत असावा.

त्यानंतर मोठ्या मण्यावर येतो तो अर्पणाचा भाग : हे शाश्वत पित्या, तुझा परमप्रिय पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त, याचे शरीर, रक्त, आत्मा आणि देवत्व मी आमच्या व सर्व जगाच्या पापांच्या प्रायश्चित्तार्थ तुला अर्पण करतो. इथे ऐकणारा पिता आहे आणि पुत्राविषयी त्याच्याशी बोलले जात आहे. पुढच्या दहा लहान मण्यांवरची विनवणी, म्हणजे ‘त्याच्या दुःखसहनाखातर आमच्यावर व सर्व जगावर दया कर’, याच वाक्याला जोडलेली असल्यामुळे तिच्यातला ‘त्याच्या’ पुत्राकडे निर्देश करतो आणि ‘दया कर’ हे क्रियापद पित्याला उद्देशून येते. मूळ पोलिश वाक्यातही ‘येगो’, म्हणजे ‘त्याच्या’, असाच शब्द आहे. ‘तुझ्या’ म्हटले की क्रुसावरचे दुःख पित्यानेच भोगले असा अर्थ होतो, आणि तसे मानणारे मत चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारले होते. शेजारच्या घरी अर्थातच कोणी पाखंड शिकवत नसेल. विनवणी मोठ्या मण्यावरच्या वाक्यापासून तुटली की जीभ आपसूक ‘तुझ्या’कडे वळते, एवढेच.

याच वाक्यातले ‘आमच्यावर’सुद्धा लक्षात घेण्याजोगे आहे. एकट्याने प्रार्थना करतानाही ते अनेकवचनीच राहते, आणि मराठीत तिथे ‘आपल्यावर’ चालत नाही, कारण ‘आपण’मध्ये ज्याच्याशी बोलतो तोही धरला जातो आणि देवाने स्वतःवर दया करावी असे काहीतरी विचित्र होऊन बसते.

अर्पण आणि दहा विनवण्या असे पाच वेळा, म्हणजे पन्नास विनवण्या झाल्यावर ‘पवित्र देवा, पवित्र सामर्थ्यवंता, पवित्र अमर देवा’ ही पूर्वेकडील चर्चच्या उपासनेतून आलेली प्राचीन हाक तीनदा द्यायची. रोझरीच्या सवयीने दर दहा मण्यांनंतर ‘पित्याला गौरव’ म्हटले जाते किंवा एखादे रहस्य जाहीर केले जाते. फाऊस्टिनांच्या नोंदीत यांपैकी काहीही नाही. सगळी माळ सावकाश म्हटली तरी दहाएक मिनिटांत होते.

आता तीन वाजण्याविषयी. शुभवर्तमानांनुसार येशूने दुपारच्या तिसऱ्या प्रहरी, आजच्या हिशेबाने तीनच्या सुमारास, प्राण सोडला. त्या वेळेला धरून केलेली सूचना फाऊस्टिनांच्या रोजनिशीत वेगळी आहे, ती ऑक्टोबर १९३७ आणि फेब्रुवारी १९३८ च्या नोंदींतली, क्राकूवमधली : त्या तासाला दयेची याचना करावी, कर्तव्यातून सवड मिळाल्यास क्रुसाची वाट करावी, ते न जमल्यास क्षणभर चॅपेलमध्ये जावे आणि तेही शक्य नसल्यास असू तिथेच थोडा वेळ प्रार्थनेत घालवावा. या सूचनेत माळेचा उल्लेखच नाही. तीनला माळ म्हणण्याची प्रथा पुढे रुजली आणि ती प्रार्थनेच्या आशयाला साजेशीही आहे, परंतु ‘तीनची माळ’ हे नाव नियमासारखे वापरू नये. रोजनिशीत माळेचा संबंध विशेषतः मरणासन्न व्यक्तीच्या उशाशी म्हणण्याशी जोडलेला आहे, आणि ते बोलावणे घड्याळ पाहून येत नाही. तेव्हा तीन टळले तरी संध्याकाळी किंवा रात्री ही माळ खुशाल म्हणावी.