घाईने पोहोचायचे आणि नांगर टाकून बसायचे

प्रश्न: मालवाहू जहाजे इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम हळू चालवतात म्हणे. पण हळू गेल्यावर दिवसही जास्त लागणार, मग वाचते काय?

दिवस ज्या प्रमाणात वाढतात, त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात रोजचा खप उतरतो. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो विरोध मोडत पुढे जायला लागणारी शक्ती घनाने वाढते. समजा, कोळशाने भरलेल्या जहाजाला 5,040 सागरी मैल जायचे आहे आणि 14 नॉट, म्हणजे तासाला 14 सागरी मैल, वेगाला मेन इंजिन दिवसाला 40 टन तेल घेते. हा प्रवास 15 दिवसांचा आणि 600 टनांचा झाला. तेच जहाज 12 नॉटने नेले तर साडेसतरा दिवस लागतील, पण रोजचा खप सुमारे 25 टनांवर येईल आणि एकूण तेल जवळपास 440 टन लागेल. जनरेटर मात्र वेगाकडे पाहत नाहीत. ते दिवसाला तीन टन घेत असतील, तर वाढलेल्या अडीच दिवसांचे साडेसात टन त्यात धरावे लागतील. तरीही निव्वळ दीडशे टन वाचतात.

हे गणित इंजिनरूममधल्या प्रत्येकाला ठाऊक असते, तरीही जहाजे धावतात, आणि त्याचा मला आजही राग आहे. मी सेकंड इंजिनियर असताना आम्ही दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बे बंदरातून कोळसा घेऊन भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघालो होतो. बंदरात रांग लागली आहे, धक्का लवकर मिळणार नाही, असा एजंटचा संदेश वाटेतच आला. चीफ इंजिनियरसाहेबांनी आणि मी वेग उतरवण्याचा हिशेब करून दिला, कॅप्टनसाहेबांनी तो जहाज भाड्याने घेतलेल्या चार्टररकडे पाठवला. उत्तर आले, 'पूर्ण वेगाने या.' कारण तिथे जो आधी पोहोचून नोटीस ऑफ रेडिनेस, म्हणजे जहाज माल उतरवायला तयार असल्याची सूचना, देईल, त्याचा नंबर आधी लागत होता. आम्ही पूर्ण वेगाने गेलो आणि आठवड्याहून अधिक काळ नांगरावर पडून राहिलो. आमच्या मागून आलेली जहाजेही अशीच धावत आली होती. सगळ्यांनीच दोन नॉट उतरवले असते तरी रांगेचा क्रम तोच राहिला असता.

नुकसान तिथेच थांबले नाही. कोमट पाण्यात उभ्या राहिलेल्या जहाजाच्या तळावर आधी शेवाळ आणि मग कालवांसारखे कठीण कवचाचे जीव धरतात. पुढच्या प्रवासात मी रोज दुपारी नून रिपोर्टसाठी स्लिप काढत असे, म्हणजे प्रोपेलरच्या फेऱ्यांनुसार जेवढे अंतर कापायला हवे होते त्यात प्रत्यक्षातले अंतर किती टक्के कमी पडले, ते पाहत असे. समुद्र शांत असतानाही तो आकडा पूर्वीपेक्षा स्पष्टपणे वाढलेला राहिला. फेऱ्या त्याच आणि खप थोडा जास्तच, पण वेग कमी. नंतर कार्यालयातून जादा तेलाबद्दल विचारणा झाली ती मात्र इंजिनरूमकडे.

वेग कमी केला की इंजिन बिघडते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि ते मला अर्धवट वाटते. भार फार उतरला की इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर पुरेशी हवा देत नाही, ऑक्झिलरी ब्लोअर म्हणजे मदतीचे पंखे चालू करावे लागतात, ज्वलन अपुरे होते आणि काजळी इंजिनाच्या धुराच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या एक्झॉस्ट बॉयलरच्या नळ्यांवर बसते. ती साचू दिली तर पेटतेसुद्धा. म्हणून हळू चालताना ठरावीक काळाने भार वाढवून मार्ग साफ करून घ्यायचा, सिलिंडर तेलाचे प्रमाण भारानुसार बदलायचे आणि एक्झॉस्टच्या तापमानावर नजर ठेवायची. ही शिस्त पाळली तर इंजिन टिकते. 2008 च्या मंदीनंतर पूर्वी 24-25 नॉटने धावणारी मोठी कंटेनर जहाजे 20 नॉटच्या आत आली आणि वर्षानुवर्षे तशी चालली.

अर्थात घनाचा हा नियम ढोबळ आहे. तो नेहमीच्या वेगाच्या आसपास बरा चालतो, समोरून वारा आणि लाटा असल्या की विस्कटतो. शिवाय हळू जाणे दरवेळी परवडत नाही. वरच्या उदाहरणात तेल टनाला 600 डॉलर धरले तर 90,000 डॉलर वाचतात. जहाजाचे भाडे दिवसाला 15,000 डॉलर असेल तर अडीच दिवसांचे 37,500 जातात आणि हळू जाणेच शहाणपणाचे ठरते. भाडे 40,000 वर गेले की एक लाख जातात, तेव्हा धावणारा चुकत नाही.

मात्र पुढे धक्काच रिकामा नसेल तर धावण्याचे समर्थन कुठल्याच भाड्याला होत नाही, कारण ते अडीच दिवस नांगरावरच जायचे असतात. ज्या करारात बंदर आणि चार्टरर आधीच वेळ ठरवतात आणि जहाज हळू आले तरी त्याचा नंबर कायम राहतो, तिथे हा प्रश्न सुटतो. तुम्ही या धंद्यात उतरणार असाल, तर मालकाला इंजिनाच्या जाहिराती दाखवण्याआधी करारातले ते कलम वाचायला सांगा.