झोपडपट्टीत ५७ टक्के आणि सरकारी आकडा एवढासाच, हे कसं?

प्रश्न: २०२० च्या जुलैत मुंबईच्या सिरो सर्व्हेत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेल्याचं आलं होतं. रोज जाहीर होणारे रुग्ण तर त्यापुढे काहीच नव्हते. मग खोटं कोण बोलत होतं, टेस्ट की सरकार?

उत्तर:

मी कम्युनिटी मेडिसिन विभागात काम करतो. हा प्रश्न तेव्हा घरच्यांनीही विचारला होता.

रोजचा आकडा म्हणजे ‘किती जणांना लागण झाली’ हे नव्हे. लागण झालेल्यांपैकी ज्याने तपासणी केली, तीही नाकाघशात विषाणू सापडतो त्या थोड्या दिवसांत केली, तेवढेच त्यात येतात. ज्याला काही त्रासच झाला नाही तो कशाला जाईल? ज्याला नुसती कणकण आली तोही गेला नाही, कारण पॉझिटिव्ह आलं की क्वारंटाइन आणि रोजंदारी बुडणार. हे सगळे नोंदीबाहेर राहिले. सिरो सर्व्हे मात्र रक्तातली अँटिबॉडी, म्हणजे लागणीनंतर शरीर विषाणूविरुद्ध बनवतं ते प्रथिन, शोधतो. ती महिन्यांनंतरही सापडते, म्हणून सर्व्हे त्यांनाही मोजतो. मुंबईचा तो सर्व्हे दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागांतल्या तीन वॉर्डांत झाला, जवळपास सात हजार नमुने घेतले. त्याच वॉर्डांत झोपडपट्टीबाहेर प्रमाण १६ टक्के निघालं. दाट वस्ती आणि सामायिक संडास हे महापालिकेने तेव्हाच कारण म्हणून सांगितलं होतं.

आता टेस्टचं बघू, कारण तुमचा संशय अगदीच निराधार नाही. टेस्ट चुकते, पण ती चूक किती महाग पडते हे साथ किती पसरली आहे त्यावर ठरतं. आयसीएमआरचा देशभरातला पहिला सर्व्हे मे-जून २०२० मध्ये झाला. ७० जिल्हे, २८,००० प्रौढ. आपल्याकडचे बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि अहमदनगर त्यात होते. पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेने बनवलेला, अँटिबॉडी शोधणारा ‘कवच’ एलायझा किट त्यात वापरला. लागण झालेल्या १०० पैकी सुमारे ९२ जणांना तो ओळखतो, आणि न झालेल्या १०० पैकी सुमारे ९८ जणांना बरोबर निगेटिव्ह सांगतो. ऐकायला छान.

पण १०,००० माणसं घ्या आणि खरी लागण फक्त ७३ जणांना झाली आहे असं धरा. किट त्यातल्या ६७ जणांना पकडेल. उरलेल्या ९,९२७ जणांत दर शंभरात दोनाहून किंचित जास्त, म्हणजे सुमारे २०८ जण उगाचच पॉझिटिव्ह येतील. एकूण २७५ पॉझिटिव्ह, त्यात चारातले तीन खोटे! हाच आकडा छापला तर लागण पावणेचारपट दिसेल.

म्हणून त्या सर्व्हेत ‘कवच’वर पॉझिटिव्ह आलेले नमुने दुसऱ्या, वेगळ्या पद्धतीच्या किटवर पुन्हा तपासले गेले. दोन्ही किट एकाच जागी चुकत असतील तर या खटाटोपाचा उपयोग नाही. ‘कवच’मध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू वापरला होता, दुसऱ्यात त्याच्या स्पाइक प्रथिनाचा एक भाग, त्यामुळे दोन्हींकडून एकाच माणसाबद्दल तीच चूक होण्याची शक्यता कमी होती. शेवटी किटच्या अचूकतेचा हिशेब धरून आकडा आला ०.७३ टक्के. (माझ्या उदाहरणातले ७३ तिथलेच.) एवढीशी टक्केवारी, पण मेच्या सुरुवातीपर्यंत देशात सुमारे ६४ लाख प्रौढांना लागण झाल्याचा अंदाज निघाला. एका नोंदलेल्या रुग्णामागे प्रत्यक्ष लागण ८२ ते १३०.

ही ‘८२ ते १३०’ अशी रेंज का, तर अँटिबॉडी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आजच्या रक्तातल्या अँटिबॉडीची तुलना आजच्या रुग्णसंख्येशी केली तर गुणोत्तर चुकतं, मागच्या तारखेचा आकडा घ्यावा लागतो. कोणती तारीख, यावर उत्तर हलतं. इथे ३ मे आणि ११ मे अशा दोन तारखा धरल्या होत्या.

मुंबईच्या झोपडपट्टीत हीच चूक किरकोळ ठरते. निम्म्याहून जास्त लोक खरोखर पॉझिटिव्ह असताना उरलेल्या त्रेचाळीस जणांत एखादा खोटा आला तर ५७ चे ५६ होतील, एवढंच. म्हणजे तिथे टेस्टने आकडा फुगवला असं म्हणायला जागा नाही.

उलट तिथे दुसऱ्याच दिशेची चूक झाली असावी. ऑगस्टमध्ये त्याच तीन वॉर्डांत पुन्हा सर्व्हे केला, तर झोपडपट्टीचं प्रमाण ४५ टक्क्यांवर उतरलं. होऊन गेलेली लागण पुसली तर जात नाही! थोडा फरक निवडलेल्या माणसांमुळे असेल. पण तिथला किट विषाणूच्या आतल्या, न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधायचा, आणि त्या काही महिन्यांत ओसरतात. मार्च-एप्रिलमध्ये लागण झालेला माणूस ऑगस्टमध्ये निगेटिव्ह येऊ शकतो. त्यामुळे सर्व्हेचा आकडासुद्धा खऱ्यापेक्षा कमीच असू शकतो.