सोसायटीने ठराव केला म्हणून कुत्रा घरातून हलवावा लागतो का?

प्रश्न: मॅडम, आम्ही ठाण्यात सहाव्या मजल्यावर राहतो, फ्लॅट माझ्या आणि मिस्टरांच्या नावावर आहे. आमच्याकडे तीन वर्षांची इंडी कुत्री आहे. मार्चमधल्या विशेष सभेत बहुमताने ठराव झाला की पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद, भुंकण्याची तक्रार आली की दिवसाला 500 रुपये दंड आणि रात्री आठनंतर घरात वाद्य वाजवायचं नाही (मुलगा तबला शिकतो). आता तिमाही बिलात 12,000 रुपये "पेट पेनल्टी" लावलीय आणि महिनाभरात कुत्री हलवा असं पत्र आलंय. सासूबाई म्हणतात भरून टाका आणि विषय संपवा. काय करू?

उत्तर: ताई, आधी एवढंच करा, ते 12,000 भरू नका, पण बाकीचं मेंटेनन्स एक दिवससुद्धा थांबवू नका. माझ्याकडे अशा प्रकरणात लोक येतात तेव्हा बऱ्याचदा रागाच्या भरात आख्खं बिलच थांबवलेलं असतं, आणि मग मूळ भांडण बाजूला राहतं आणि सोसायटीच्या हातात "हे तर थकबाकीदार" असं कोलीत मिळतं. मागणी पोचून तीन महिन्यांत पैसे आले नाहीत तर तुम्हाला थकबाकीदार ठरवता येतं, कमिटीची निवडणूक लढवता येत नाही, थकबाकीवर वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं आणि पुढे सोसायटी वसुली दाखल्यासाठी रजिस्ट्रारकडे जाऊ शकते.

समजा बिल 21,600 चं आहे, त्यात 9,600 मेंटेनन्स आणि 12,000 दंड. तुम्ही 9,600 नेट बँकिंगने भरले तरी सोसायटीचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर ते पैसे आधी दंडात आणि व्याजात वळवून टाकतं आणि पुढच्या बिलात मेंटेनन्सच थकलेलं दिसतं, हा प्रकार मी पुष्कळदा बघितलाय. म्हणून पैसे भरले त्याच दिवशी सेक्रेटरींना पत्र द्या की "ही 9,600 ची रक्कम फक्त अमुक तिमाहीच्या मेंटेनन्सपोटी आहे, दंडाची रक्कम मला मान्य नाही." करार कायद्याच्या कलम 59 प्रमाणे पैसे देणाऱ्याने कुठल्या देण्यापोटी देतोय ते सांगितलं असेल आणि घेणाऱ्याने ते पैसे घेतले असतील, तर त्याला ते त्याच देण्यात जमा करावे लागतात. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घ्या, घेत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि वर ईमेल करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलेलं म्हणजे पत्र दिलं असं समजू नका.

आता दंड. सोसायटीला दंड लावताच येत नाही असं नाहीये, हे स्पष्ट सांगते. 2014 च्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे आपण ज्याला बायलॉज म्हणतो त्यात, उपविधींचा भंग झाला तर दंड करायची सोय आहे, पण ती पायरीपायरीने. आधी कारणे दाखवा नोटीस, मग तुमचं म्हणणं ऐकणं, मग सर्वसाधारण सभेने रक्कम ठरवणं आणि तीही आर्थिक वर्षात 5,000 रुपयांच्या आत. तुमच्या सोसायटीने कुठली आवृत्ती स्वीकारलीय ते बघा आणि दंडाचा उपविधी स्वतः वाचा, कारण काही सोसायट्या अजून जुन्या प्रतीवरच चालतात. तुम्हाला नोटीस आली होती का, कोणत्या तारखांना भुंकल्याची तक्रार आहे ते लेखी दिलंय का, तुम्हाला बोलावून ऐकलं का? तुमच्या पत्रात यातलं काहीच दिसत नाही, थेट बिलात आकडा आलाय, म्हणजे तो 5,000 च्या वरचा तर आहेच, शिवाय ज्या पद्धतीने लावला तीच चुकीची आहे.

याच्या मुळाशी एक गैरसमज आहे जो कमिट्यांमध्ये सर्रास असतो. सभेत हात वर झाले म्हणजे नियम झाला असं त्यांना वाटतं, पण ठराव वेगळा आणि उपविधी वेगळा. नवा उपविधी करायचा किंवा आहे तो बदलायचा तर रीतसर नोटीस, हजर सभासदांचं दोन तृतीयांश बहुमत आणि त्यानंतर सहकार कायद्याच्या कलम 13 खाली रजिस्ट्रारकडे त्याची नोंदणी, आणि ही नोंदणी होईपर्यंत बदल अमलात येत नाही. आणि उपविधी नोंदला तरी तो कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. म्हणून सेक्रेटरींकडे लेखी अर्ज करून मार्चच्या सभेची नोटीस, अजेंडा आणि मिनिट्सची नक्कल मागा. अजेंड्यावर लिफ्टबंदी, दंड आणि वाद्याचा विषय वेगवेगळा लिहिला होता की नुसतं "पाळीव प्राण्यांबाबत चर्चा" असं होतं, तेवढ्यावरही बरंच ठरतं.

कुत्री हलवा, हे सांगण्याचा अधिकार त्यांना नाही. कुत्रा पाळायला बंदी करणारा कायदाच नाही, आणि कायदा जे करू देतो ते तुमच्या घराच्या दाराआत बंद करायचा अधिकार सोसायटीला बहुमताने मिळत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये सोसायट्यांसाठी परिपत्रक काढलं, त्यात बहुमताने सुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येणार नाही, लिफ्ट वापरू न देणं किंवा त्याचे वेगळे पैसे लावणं चालणार नाही, नुसतं भुंकणं हे बंदीचं कारण होत नाही असं म्हटलंय. ते परिपत्रक म्हणजे कायदा नाही, मार्गदर्शक सूचना आहेत, समोरचा वकील हे नक्की बोलेल, तेव्हा फक्त त्यावर विसंबू नका. केरळ हायकोर्टाने 2021 मध्ये निकाल दिलाय की रहिवाशांना प्राणी पाळायला सरसकट मनाई करणारी कलमं बेकायदेशीर आहेत. तो निकाल महाराष्ट्रातल्या कोर्टावर बंधनकारक नसला तरी आपल्या बाजूने दाखवता येतो. आणि मुख्य म्हणजे प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे, प्राण्याला उपाशीतापाशी हाल होतील अशा अवस्थेत टाकून देणं हा गुन्हा आहे, म्हणून घाबरून तिला कुठेतरी सोडून येण्याचा विचार डोक्यातूनच काढून टाका.

लिफ्टचं मात्र थोडं समजून घ्या. लिफ्ट सामायिक आहे, तिथे सोसायटीला वापराची शिस्त ठरवता येते. दोन लिफ्ट असतील तर कुत्र्यासाठी एक ठरवून घेणं, पट्टा बांधलेला असणं, लिफ्टमध्ये घाण झाली तर मालकाने लगेच साफ करणं, बागेत फिरवायच्या वेळा, हे सगळं वाजवी आहे आणि ते मोडलं तर तुम्ही चुकताय. पण एकच लिफ्ट असताना सहाव्या मजल्यावरून रोज दोन-तीनदा जिन्याने जा म्हणणं ही शिस्त नाही, ती आडवाटेने केलेली बंदी आहे. वॉचमन प्रत्यक्ष अडवत असेल तर तारीख-वेळ लिहून ठेवा, हुज्जत घालू नका, आणि धमकी किंवा अंगावर येणं असं काही झालं तरच 112 ला फोन करा.

भुंकण्याबद्दल मला तुम्हालाही एक गोष्ट विचारायची आहे. इतर सभासदांना त्रास होईल असं घरात काही करायचं नाही हा उपविधी खरा आहे आणि तो तुम्हालाही लागू आहे. तुम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत, सासूबाई झोपलेल्या, त्या तीन-चार तासांत कुत्री काय करते हे तुम्हाला माहितीये का? माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, शेजारच्या काकू खोटं बोलतात अशी त्यांची पक्की खात्री होती. मी त्यांना जुना मोबाईल दारापाशी रेकॉर्डिंगला लावून जायला सांगितलं. तीन दिवसांत कळलं की मजल्यावर लिफ्टचा लोखंडी दरवाजा आपटला की कुत्रा दहा-पंधरा मिनिटं भुंकत राहायचा, दिवसातून वीस वेळा तरी. मग लिफ्टच्या दाराला रबर लावलं, कुत्र्याची जागा आतल्या खोलीत हलवली आणि दुपारी फिरवायला माणूस ठेवला, तक्रार बंद झाली. तुम्हीही आठवडाभर असं रेकॉर्डिंग करा. भुंकणं फारसं नसेल तर तोच तुमचा पुरावा, आणि असेल तर तुम्ही काय उपाय केलेत ते कमिटीला लेखी कळवा, कोर्टात याला फार किंमत असते. सोबत रेबीजच्या लसीचं कार्ड आणि महापालिकेची नोंदणी जोडा, नोंदणी राहिली असेल तर आधी ती करून घ्या.

तबल्याचं सोपं आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 मध्ये रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. आठ वाजताची रेषा कमिटीने स्वतः आखलेली आहे, तिला या नियमांचा आधार नाही. पण कुणी आजारी असेल किंवा खालच्या मजल्यावर तान्हं बाळ असेल आणि नऊला डग्ग्याचा घुमारा भिंतीतून जात असेल तर तक्रार खोटी म्हणता येणार नाही, म्हणून जाड सतरंजीवर बसवा, खिडकी लावा, साडेआठ-नऊपर्यंत रियाज आटपा आणि ही वेळ तुम्हीच लेखी कळवून टाका.

आता क्रम. याच आठवड्यात मेंटेनन्स भरून ते पत्र द्या. त्यातच दंड रद्द करा, कुत्री हलवण्याची नोटीस मागे घ्या आणि सभेची कागदपत्रं द्या अशी मागणी करा, पंधरा दिवसांची मुदत द्या. त्यानंतर उपनिबंधक सहकारी संस्था, म्हणजे तुमच्या भागाचं डेप्युटी रजिस्ट्रार ऑफिस, तिथे तक्रार, त्यात उपविधीची नोंदणी झालीये का आणि दंडाची पद्धत पाळलीये का एवढे दोनच मुद्दे ठेवा, कारण कागदी प्रश्नावर तिथे लवकर उत्तर मिळतं. कुत्री ठेवायचा हक्क, लिफ्टबंदी आणि दंड रद्द करणं यासाठी सहकार न्यायालयात कलम 91 खाली दावा करावा लागतो आणि महिन्याची मुदत संपायच्या आत तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो, म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, पत्राचं उत्तर नाही आलं तर विसाव्या दिवशी वकिलाकडे जा.

आणि सासूबाईंना सांगा की 12,000 भरले तर दंड मान्य केला असाच त्याचा अर्थ लावतील आणि पुढच्या तिमाहीत तोच आकडा परत येईल. पावतीशिवाय पैसे तर मुळीच देऊ नका. कागदपत्रं हातात आली की मिनिट्समधला ठराव आहे तसा मला पाठवा, त्याची शब्दरचना बघून दाव्यात काय मागायचं ते सांगते.