‘पळून जाताना’ नक्की कोण?

प्रश्न: परीक्षेत ‘पळून जाताना पोलिसांनी चोराला पकडले’ हे वाक्य शुद्ध करायचं होतं. मी ‘पोलिसांनी पळून जाताना चोराला पकडले’ असं लिहिलं. मार्क शून्य. मराठीत शब्द मागेपुढे झाले तर चालतात ना?

चालतात, पण ते ‘ने’ आणि ‘ला’ च्या जिवावर. ‘चोराला पोलिसांनी पकडलं’ म्हणा नाहीतर ‘पोलिसांनी चोराला पकडलं’ म्हणा, पकडणारा बदलत नाही कारण कोण कोण आहे ते प्रत्यय सांगतो. ‘जाताना’ला असं काही नाही, ते अव्यय आहे, लिंग वचन विभक्ती काहीच लागत नाही त्याला, त्यामुळे ते कुणाचं हे बरंचसं जागेवरूनच कळतं. आणि तुम्ही ते नेमकं ‘पोलिसांनी’ला चिकटवलंत, म्हणजे मूळ वाक्यात निदान थोडी शंका होती, तुमच्या वाक्यात पोलिसच पळून चाललेत आणि जाता जाता त्यांनी चोर धरलाय.

दुरुस्ती अशी: ‘चोराला पळून जाताना पोलिसांनी पकडले.’ पण मला विचाराल तर ‘पळून जाणाऱ्या चोराला पोलिसांनी पकडले’ हे जास्त पक्कं, कारण ‘जाणारा’ हे विशेषण आहे आणि ‘चोराला’बरोबर त्याचंही ‘जाणाऱ्या’ झालं, जोडी कुणाशी ते रूपातच दिसतं. किंवा सरळ कर्ता द्या, ‘चोर पळून जात असताना पोलिसांनी त्याला पकडले’.

चोर-पोलिसात अर्थ आपण अंदाजाने लावून घेतो म्हणून चूक डोळ्यात भरत नाही. दोघंही ते काम करू शकतील अशी माणसं घेऊन बघा. ‘आईने स्वयंपाक करताना मुलीला पाहिलं’, इथे स्वयंपाक आई करतेय. ‘आईने मुलीला स्वयंपाक करताना पाहिलं’, आता ओट्याशी मुलगी उभी आहे. शब्द तेच आणि प्रत्ययही तेच, फक्त ‘स्वयंपाक करताना’ ‘मुलीला’च्या पलीकडे गेलं.

‘ऊन’वाल्या रूपाचं मात्र जागा बदलून भागत नाही हे लक्षात ठेवा, पुढच्या पेपरात तेच येऊ शकतं. ‘घरी येऊन आईने मला वाढलं’, इथे घरी आली आईच. ‘मला घरी येऊन आईने वाढलं’ केलं तरी येणारी आईच राहते, कारण ‘ऊन’चा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असावा लागतो. आलात तुम्ही असाल तर रूपच बदला, ‘मी घरी आल्यावर आईने मला वाढलं’. आता कुणी म्हणेल ‘पत्र वाचून मला रडू आलं’ हे कसं चालतं, व्याकरणात कर्ता तर ‘रडू’ आहे. पण तिथे वाचणारा मी आणि रडणाराही मीच, ‘मला’ असलं तरी अनुभव माझा, म्हणून ते बरोबर आहे, ते उगाच दुरुस्त करत बसू नका.