दबावाखाली दिलेला राजीनामा मागे घेताना

प्रश्न : “अंबडच्या कारखान्यात आठ वर्षे मशीनवर काम करतो. काल एचआरने केबिनमध्ये बोलावून ‘राजीनामा दे, नाहीतर सोमवारी चेन्नईला हजर हो’ असे सांगितले. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहून घेतले आणि सक्तीच्या रजेवर पाठवले. राजीनामा मंजूर झाल्याचे पत्र अजून आलेले नाही. आता काय करू?”

मंजुरीचे पत्र हाती पडलेले नाही, हीच आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, म्हणून राजीनामा मागे घेत असल्याचे पत्र आजच पाठवा. राजीनामा अमलात येण्यापूर्वी तो मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा मान्य केले आहे. पत्र स्वतःच्या खासगी ई-मेलवरून पाठवा आणि तेच पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही रवाना करा.

त्यात रागाचे शब्द नकोत, घटना हव्यात : किती वाजता बोलावले, समोर कोण होते, चेन्नईबद्दल नेमके कोणते वाक्य उच्चारले गेले, ‘वैयक्तिक कारण’ हे शब्द कोणी सांगितले, रजा आपण मागितली नव्हती, आणि आपण कामावर हजर राहण्यास तयार आहात. पुढच्या पाळीला गेटवर जा. आत घेतले नाही तर तारीख, वेळ व अडवणाऱ्याचे नाव लिहून त्याच दिवशी दुसरा ई-मेल करा, नाहीतर पुढे आपणच गैरहजर राहिलात असे दाखवले जाते.

सातपूरच्या माझ्या एका सहकाऱ्याने हे पत्र पाच आठवड्यांनी दिले. तोवर अंतिम हिशेबाचा धनादेश वटला होता आणि ‘कोणतीही मागणी शिल्लक नाही’ या ओळीखाली त्याची सही होती. उलटतपासणीत वकिलांनी एवढेच विचारले, “पाच आठवडे गप्प का होतात?” धमकी खरी होती, हे मला माहीत आहे, पण जबरदस्ती सिद्ध करण्याची जबाबदारी राजीनामा देणाऱ्यावर असते, आणि त्याच्याकडे त्या दिवसांतला एकही कागद नव्हता. म्हणून पैसे घ्यावेच लागले तर पावतीवर ‘हक्क राखून, हरकतीसह स्वीकारले’ असे स्वहस्ते लिहा आणि फोटो काढून ठेवा.

चेन्नईच्या बदलीचा लेखी आदेश आलाच, तर मुकाट घरी बसू नका. लेखी हरकत घ्या. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित प्रथा म्हणून स्वतंत्रपणे नमूद आहे. तक्रार घटनेपासून 90 दिवसांत करायची असते आणि अंतरिम स्थगितीही मागता येते. हा मार्ग कामगारांसाठी आहे, व्यवस्थापकीय पदांसाठी नाही. आपण प्रत्यक्ष मशीनवर असल्याने पदनामात ‘एक्झिक्युटिव्ह’ असले तरी खचू नका, कारण न्यायालय पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहते. कामाचे रोजचे अहवाल आपल्यापाशी असतील तर जपून ठेवा.