माझा गुरुवार आहे
प्रश्न: दोन महिन्यांपासून एकाशी चॅट करतेय. माणूस मजेशीर आहे, पण रात्री दहानंतर त्याचे जोक्स फारच चावट होतात. भांडण न करता गप्पा परत साध्या मस्करीवर कशा आणू?

उत्तर: आधी तुमचं चॅट वर सरकवून बघा. त्याच्या पहिल्या चावट जोकवर तुम्ही काय पाठवलं होतं? माझंही एकाशी असंच चॅट चालू होतं, तेव्हा मी पाठवलं होतं तोंड झाकलेलं माकड आणि ‘चल, नालायक!’ मला वाटलं, मी अडवलं. त्याला वाटलं, आवडलं. अवघडून पाठवलेली हसरी इमोजी समोरच्याला टाळीच वाटते, म्हणून आधी ती बंद केली.

मग त्याच्या वाक्यातला निरुपद्रवी शब्द उचलायचा आणि गाडी तिकडे वळवायची. मे महिन्यातली गोष्ट. त्यानं लिहिलं, ‘काय गरमी आहे बे, कपडे नकोसे झाले. तू काय घालून आहेस?’ मी गरमी उचलली: ‘दुपट्टा. मे महिन्यात नागपूरच्या पोरीचे फक्त डोळे दिसतात. तुझ्या कूलरच्या ताट्या बदलल्या का?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. नुसता विनोद करून थांबलं की तो परत मूळ जागी येतो; स्वतःचं काही सांगायला मिळालं की तिकडे रमतो. पंप कसा जळला, हे त्यानं वीस मिनिटं सांगितलं.

चार दिवसांनी पुन्हा तेच. मी म्हटलं, ‘हा जोक नॉनव्हेज झाला. माझा गुरुवार आहे.’ उत्तर आलं, ‘मग उद्या शुक्रवार!’ इथे मी फसले. हसत दिलेल्या नकारात त्याला खेळ दिसला, आणि चूक अर्धी माझीही होती, कारण मी पळवाट ठेवली होती. त्यामुळे वळवणं एकदा, फार तर दोनदा. नंतर सरळ लिहायचं, इमोजीशिवाय. मी लिहिलं, ‘माझे सगळे वार गुरुवार. शरीरावरचे जोक्स मला नको. बाकी माझी कितीही खेच.’ शेवटचं वाक्य मुद्दाम टाकलं, काय चालतं तेही कळायला हवं ना! लांब स्पष्टीकरण टाळलं, नाहीतर त्यावरच वाद सुरू होतो.

‘अबे मजाक होती, एवढं काय मनावर घेऊन राहिली?’ असं उत्तर आलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसलाच जोक आला, तर त्याला कळलं नाही असं नाही, त्याला थांबायचं नाही. तिथं मस्करीचा उपयोग संपतो. फोटो मागितले किंवा पाठवले, तर आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक, तक्रार cybercrime.gov.in वर करता येते.

माझ्यावाला अर्धा तास गप्प होता. मीही मध्ये ‘रागावलास का?’ विचारलं नाही, बोटं शिवशिवत होती तरी. मग आलं, ‘सॉरी बे. गुरुवारी तर्री-पोहे तर चालतात ना?’